नळ उघडा राहिला, एवढंच कारण नसतं

आमच्या पुण्यातल्या सोसायटीची सचिव म्हणून सात वर्षं काम केलं. त्या काळात सर्वांत जास्त तक्रारी आल्या त्या वरच्या मजल्यावरून खाली आलेल्या पाण्याच्या. त्यातली एक मला नेमकी आठवते, कारण तिच्यात भांडण झालं नाही.

तिसऱ्या मजल्यावर नोकरी करणारी एक मुलगी भाड्याने राहत होती. सकाळी नळाला पाणी नव्हतं. तिने नळ उघडून पाहिला, बंद करायचा राहिला आणि ती कामावर गेली. दुपारी पाणी आलं. साधा नळ मिनिटाला आठेक लिटर पाणी सोडतो, म्हणजे दोन तासांत साडेनऊशे लिटरच्या पुढे. बाथरूम भरली, पाणी उंबरठ्यावरून खोलीत गेलं, फरशीच्या सांध्यांतून खाली उतरलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पंख्याच्या हुकाजवळून ठिबकू लागलं.

पाणी बहुतेकदा पंख्याजवळूनच का येतं, हे माहीत असायला हवं. स्लॅब भरीव असतो, पण दिव्या-पंख्याच्या वायरींसाठी त्यात पाइप टाकलेले असतात. पाण्याला तीच सोपी वाट मिळते. म्हणून खालच्या घराने सर्वांत आधी त्या खोलीचा एमसीबी पाडावा, बादली नंतर ठेवावी. काकूंनी तसंच केलं आणि मग मला फोन केला.

मुलगी घरी आली, नळ बंद केला, पाणी उपसलं आणि थेट खाली गेली. छताचे चार फोटो काढले. दोन ओल्या डागाचे, एक पूर्ण छताचा आणि एक बाथरूमखालच्या कोपऱ्याचा. या चौथ्या फोटोचं महत्त्व नंतर कळलं. त्या कोपऱ्यात तपकिरी कडा असलेला जुना डाग होता आणि त्यावर पांढरा लोणा फुटला होता. एका दिवसाच्या पाण्याने लोणा फुटत नाही. ओल महिनोन् महिने येत राहिली की प्लास्टरमधले क्षार वर येतात. ताजा डाग गडद आणि ओला असतो, पाणी थांबलं की फिका होत जातो.

मग तिने घरमालकांना कळवलं. ते नाशिकला राहतात. तिच्या मैत्रिणी म्हणत होत्या, ‘काकूंशी परस्पर मिटव, त्यांना कशाला सांगतेस?’ हा सल्ला चुकीचा आहे. सोसायटीच्या लेखी फ्लॅटचा सभासद म्हणजे मालक. काकूंनी लेखी तक्रार दिली असती तर मी पत्र मालकांनाच पाठवलं असतं, आणि भाडेकरूने लपवलेली गोष्ट त्यांना सचिवाकडून कळली असती. शिवाय बाथरूमच्या फरशीखाली काही बिघडलं असेल, तर त्याला हात लावण्याचा अधिकार भाडेकरूला नाही.

तिने पाठवलेला निरोप मी तिच्या परवानगीने उतरवून घेतला होता :

‘काका, नमस्कार. आज सकाळी बाथरूमचा नळ माझ्याकडून उघडा राहिला. दुपारी पाणी भरून खाली काकूंच्या बेडरूमच्या छतातून गळलं. पाणी बंद केलं आहे, त्यांच्या खोलीची वीज बंद आहे, कोणाला इजा नाही. फोटो पाठवते. बाथरूममधलं पाणी बाहेर का गेलं नाही, हे मला अजून माहीत नाही. उद्या प्लंबर बोलावू का? तुमचा माणूस असेल तर त्याचा नंबर द्या. माझ्या चुकीमुळे जो खर्च होईल त्यातला माझा वाटा मी देईन. प्लंबरने पाहिल्यावर आकडा ठरवू.’

या निरोपात ‘थोडं पाणी सांडलं’ असं गुळमुळीत काही नाही. ‘सगळा खर्च माझा’ असंही नाही. घाबरलेला भाडेकरू नेमकं हेच लिहून बसतो आणि मग जुन्या गळतीचा खर्चही त्याच्या डिपॉझिटमधून जातो. तिने केलेलं कबूल केलं आणि जे माहीत नव्हतं, त्याबद्दल माहीत नाही असंच लिहिलं.

ते माहीत नसलेलंच सगळ्यात महत्त्वाचं होतं. बाथरूमच्या कोपऱ्यात जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, तो साफ असेल तर उघड्या नळाचं पाणी सहज वाहून जातं. दोन तास काय, दिवसभर नळ चालू राहिला तर पाणी वाया जाईल, पण उंबरठा ओलांडणार नाही. म्हणजे घरात पाणी भरायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, उघडा नळ आणि तुंबलेला ट्रॅप. खर्चाची वाटणी या दुसऱ्या गोष्टीवर ठरते.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने जाळी उचलली. वर केसांचा गुंता आणि शांपूची पुडी निघाली. ही घाण राहणाऱ्याची. पण ती काढूनही पाणी हळूच उतरत होतं. पुढे पाइपात सिमेंटचा घट्ट गोळा बसला होता, काही वर्षांपूर्वी फरशी बदलताना गेलेला. तो भाडेकरूचा नव्हता. मग ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन बोटं रंगीत पाणी चोवीस तास साठवलं. खालच्या कोपऱ्यातल्या जुन्या डागाला रंगाची छटा आली. फरशीचे सांधेही उघडे पडले होते, हे सिद्ध झालं.

आता आकडे बोलता आले. बेडरूमच्या छताचं प्लास्टर हातोडीने ठोकून पाहिलं. जिथे बद्द आवाज आला तेवढंच पाडायचं ठरलं. रंग मात्र पूर्ण छताला, कारण तुकड्याला लावलेला रंग वेगळा दिसतो. हा खर्च साडेअकरा हजार. बाथरूममध्ये पाइप साफ करणं आणि सांधे नव्याने भरणं, साडेचार हजार. मुलीने दुसरा निरोप पाठवला. बेडरूमच्या छताचा अर्धा खर्च, म्हणजे 5,750 रुपये, मी देते. बाथरूमचं काम आणि कोपऱ्यातला जुना डाग घराचा आहे, तो आपण पाहावा. माझी रक्कम डिपॉझिटमधून न कापता मी रंगाऱ्याला थेट देईन, पावती तुम्हाला पाठवेन.

काकांनी आधी कुरकुर केली. नळ तर तूच उघडा ठेवलास, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण चौथा फोटो आणि सिमेंटचा गोळा समोर होता. त्यांनी मान्य केलं, आणि मी ते दोघांकडून दोन ओळींत लिहून घेतलं. भाडेकराराच्या प्रतीला तो कागद जोडला.

काम लगेच केलं नाही, हेही सांगायला हवं. काकूंना घाई होती, पाहुणे येणार होते. पण ओल्या स्लॅबवर पुट्टी भरली की काही महिन्यांत पोपडे येतात आणि पुन्हा बोट वरच्या घराकडे जातं. बाथरूमचं काम आधी झालं, मग छत चार आठवडे उघडं सुकू दिलं, मगच रंग चढला.

तुम्ही भाड्याने राहत असा किंवा घर भाड्याने दिलेलं असो, आज बाथरूमची जाळी उचला आणि एक बादली पाणी एकदम ओता. ते काही क्षणांत गेलं नाही, तर दुसऱ्याला आजच कळवा.