तीन तुकडे, निम्मी बाजू

जाड कार्डशीटवर १६ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढायचा. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडले की आत चार सारखे त्रिकोण दिसतात, तीन सुलटे आणि मधला एक उलटा. मधला कात्रीने कापून टाकायचा. उरलेल्या प्रत्येक त्रिकोणाचं पुन्हा तेच करायचं, आणि मग पुन्हा. सुटीत माझी भाची हे करत बसली होती. पाचव्या फेरीला त्रिकोणांची बाजू अर्धा सेंटिमीटर झाली आणि कोपऱ्याला कोपरा चिकटलेले तुकडे सुटून पडायला लागले. तेव्हा तिने कात्री ठेवून पेन्सिल घेतली.

गणितात मात्र ही कापाकापी थांबत नाही. ती अनंत वेळा केल्यावर जे उरतं त्याला सिअरपिन्स्कीचा त्रिकोण म्हणतात. वात्स्वाफ सिअरपिन्स्की हा पोलंडचा गणिती. त्याने १९१५ मध्ये ही आकृती मांडली ती वेगळ्याच कारणासाठी. जिच्या बिंदूबिंदूला फाटे फुटतात अशी वक्ररेषा असू शकते का, हा त्याचा प्रश्न होता. मितीचा विचार तेव्हा त्याच्या डोक्यात नव्हता. पुढे बेनुआ मँडेलब्रॉटने तिला ‘गॅस्केट’ म्हटलं. त्याच्या मनात इंजिनातली, गळती रोखणारी भोकाभोकांची चकती होती. आपल्याला गॅस्केट म्हटलं की कुकरच आठवणार, आणि कुकरच्या गॅस्केटला भोक मोठं असलं तरी एकच असतं.

आता ही आकृती मोजायची कशी? भाचीच्या कार्डशीटवर पाच फेऱ्यांनंतर २४३ छोटे त्रिकोण होते. प्रत्येक फेरीत क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे पाव भाग कापला आणि पाऊण उरला. पाऊणचा पाऊण असं पाचदा केलं की मूळच्या जेमतेम २४ टक्के कागद उरतो, दहा फेऱ्यांनंतर साडेपाच टक्क्यांच्या आसपास. कापत गेलं तर शेवटी क्षेत्रफळ शून्य.

कडांची गोष्ट उलटी आहे. सुरुवातीला परिमिती ४८ सेंटिमीटर. पाच फेऱ्यांनंतर २४३ त्रिकोण, प्रत्येकाच्या तीन बाजू, प्रत्येक बाजू अर्ध्या सेंटिमीटरची, म्हणजे सगळ्या कडा मिळून ३६४ सेंटिमीटर ५ मिलिमीटर. दर फेरीला लांबी दीडपट होते. दहाव्या फेरीला ती २७ मीटरच्या वर जाते, तीही वीतभर कागदावर. पुढे तिला अंतच नाही.

म्हणजे दोरा घेऊन मोजायला जावं तर दोरा पुरत नाही, आणि रंग घेऊन भरायला जावं तर रंग लागतच नाही. माप चुकीचं निवडलं की असं होतं. चादरीची लांबी ‘किती मीटर दोरा’ अशी विचारली तर उत्तर अनंत येईल, आणि तिचं घनफळ विचारलं, तिची जाडी सोडून दिली, तर शून्य. तिच्यासाठी चौरस मीटर हेच बरोबर माप, कारण ती दोन मितींची. आपल्या त्रिकोणाला एक मिती कमी पडते आणि दोन जास्त होतात. योग्य माप मधे कुठेतरी आहे, आणि ते शोधण्यासाठी मिती म्हणजे काय हेच जरा वेगळ्या तऱ्हेने विचारावं लागतं.

रेषाखंड घ्या आणि दुप्पट मोठा करा. मूळ रेषाखंडाच्या किती प्रती त्यात बसतात? दोन. चौरसाची बाजू दुप्पट करा, मूळ चौरस चारदा बसतो. घनाची बाजू दुप्पट केली तर आठदा. दोन, चार, आठ म्हणजे दोनाचा पहिला, दुसरा आणि तिसरा घात. तो घातांक म्हणजेच मिती. लांबी-रुंदी-उंची मोजत बसायची गरज नाही. दुप्पट केल्यावर किती प्रती बसतात एवढं कळलं की झालं.

आता भाचीचा त्रिकोण दुप्पट करू. ३२ सेंटिमीटर बाजूच्या त्रिकोणाचा मधला भाग कापलेलाच असणार, आणि तीन कोपऱ्यांत आधीचा १६ सेंटिमीटरवाला जसाच्या तसा बसलेला असणार. तीन प्रती. दोन नाहीत आणि चारही नाहीत. तेव्हा प्रश्न असा उरतो की दोनाचा कितवा घात तीन होतो?

दोनाचा दीडवा घात २.८२८ येतो, म्हणजे कमी पडला. १.६ वा घात ३.०३ येतो, म्हणजे जरासा जास्त झाला. उत्तर या दोघांच्या मधे. ‘कितवा घात’ या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच तर लॉगरिदम आहे. ज्यांनी शाळेत लॉग टेबलची पातळ पुस्तिका हाताळली आहे त्यांना २ चा लॉग ०.३०१० हा अजून तोंडपाठ असेल. ३ चा ०.४७७१. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की १.५८५. ही झाली सिअरपिन्स्कीच्या त्रिकोणाची मिती. वर तुकड्यांच्या संख्येचा लॉग, खाली मापात किती पट फरक पडला त्याचा लॉग. लॉग दहाच्या पायाचा घ्या की आणखी कुठल्या, गुणोत्तर बदलत नाही.

एवढं समजावून मी भाचीला दुसरी आकृती दिली. बाजूचे तीन सारखे भाग करायचे, नऊ त्रिकोण पडतात, त्यातले तीन उलटे काढून टाकायचे. सहा उरतात, प्रत्येकाची बाजू मूळच्या तिसरा हिस्सा. ६ चा लॉग भागिले ३ चा लॉग, म्हणजे १.६३१. हे तिने झटक्यात केलं. पण पहिल्या त्रिकोणाचं उत्तर पुन्हा स्वतः काढून दाखव म्हटलं तर तिच्या वहीत ०.७९ आलं.

“मावशी, कॅल्क्युलेटर हेच सांगतोय.”

कॅल्क्युलेटरचं बरोबर होतं. तिने ३ चा लॉग ४ च्या लॉगने भागला होता, कारण छोटा त्रिकोण मोठ्याच्या चौथा हिस्सा असतो. असतो खरा, पण क्षेत्रफळाने. खाली लांबीतलाच फरक घ्यायचा. क्षेत्रफळ घेतलं की मिती निम्मी होते. ही चूक ओळखायला सूत्र आठवायची गरज नाही. कापताना आपण मधल्या त्रिकोणाच्या आतला भाग काढतो, कडा मागे राहतात. मूळ त्रिकोणाची खालची बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड आहे. ज्या आकृतीत आख्खी सरळ रेघ पडलेली आहे तिची मिती एकाहून कमी कशी असेल? आणि सगळं कागदावर मावतंय म्हटल्यावर दोनाच्या वरही जाणार नाही. दुसरी नेहमीची चूक भागाकाराऐवजी वजाबाकीची. ३ चा लॉग वजा २ चा लॉग, उत्तर ०.१७६. तेही याच कारणाने बाद.

वरच्या टोकाचीही एक फसगत आहे. समजा तीन कोपऱ्यांत निम्म्या मापाऐवजी दोन तृतीयांश मापाच्या प्रती ठेवल्या. सूत्र आंधळेपणाने वापरलं तर ३ चा लॉग भागिले दीडचा लॉग, म्हणजे २.७१. कागदावरची आकृती घनाच्या जवळ पोचली! झालं एवढंच की प्रती एकमेकींवर चढल्या आणि तोच भाग दोनदा मोजला गेला. प्रत्यक्षात त्या तीन प्रती मिळून सगळा त्रिकोण झाकतात, भोकच उरत नाही, आणि मिती दोन. लॉगचं गुणोत्तर चालतं ते प्रती एकमेकींना फार तर कडेला किंवा टोकाला शिवत असतील तेव्हाच.

कात्रीशिवायही हा त्रिकोण भेटतो. पिंगलाच्या छंदशास्त्रावर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार आहे. शाळेत आपण त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकतो. कडेला एक, आणि आतला प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज. यातल्या विषम आकड्यांवर रांगोळीचा ठिपका द्या आणि सम आकडे कोरे सोडा. मधे उलटे रिकामे त्रिकोण उमटू लागतात. ठिपके मोजले तर पहिल्या दोन ओळींत ३, चार ओळींत ९, आठ ओळींत २७, सोळा ओळींत ८१. ओळी दुप्पट, ठिपके तिप्पट. तेच गुणोत्तर.

या आकड्याकडून फार अपेक्षाही ठेवू नयेत. चार तुकड्यांतला मधला काढण्याऐवजी दर वेळी एका कोपऱ्यातला काढला तरी तीनच उरतात आणि बाजू निम्मीच होते. आकृती अगदी निराळी दिसते, मिती तीच १.५८५. मिती गर्दी किती ते सांगते, मांडणी कशी ते सांगत नाही. आणि भाचीच्या कार्डशीटला तर हा आकडा थोड्याच अंतरापुरता लागू आहे. १६ सेंटिमीटरपासून अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत तुकडे तीनाच्या पटीत वाढतात. त्याच्या खाली भिंग लावून पाहिलं तर नुसता भरीव कागद आहे, मिती दोन. पेन्सिलीने आणखी तीन फेऱ्या गाठता येतील. मग त्रिकोणाची बाजू पेन्सिलीच्या रेघेइतकी होते आणि आपण आकृती मोजतोय की शिसं, हे सांगता येत नाही.

मँडेलब्रॉटने १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हा शब्द घडवला तो मोडलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. त्यामुळे फ्रॅक्टलची मिती अपूर्णांकातच हवी असं वाटतं. भाचीलाही वाटलं होतं, म्हणून तिला शेवटचं गणित घनाकृतीचं घातलं. चार समभुज त्रिकोणांनी बंद झालेला पिरॅमिड घ्यायचा आणि त्याच्या चार टोकांना निम्म्या बाजूच्या चार प्रती ठेवून मधलं सगळं काढून टाकायचं. पुन्हा पुन्हा. चार तुकडे, निम्मी बाजू, म्हणून ४ चा लॉग भागिले २ चा लॉग, बरोबर दोन. दर फेरीला घनफळ निम्मं होऊन शून्याकडे निघतं. पृष्ठफळाचं काय होतं ते तिने वहीत मांडून पाहिलं. प्रत्येक तुकड्याचं पृष्ठफळ चौथा हिस्सा, आणि तुकडे चार. पहिल्या फेरीला जेवढा रंग लागला, तेवढाच पाचव्या फेरीलाही.