धूसर वाचनापासून ठाम विधानापर्यंत : ‘बनगरवाडी’चे उदाहरण

कादंबरीवरील निबंधाचे मुख्य विधान म्हणजे त्या कादंबरीबद्दलचा असा एका-दोन वाक्यांतला दावा, जो संहितेच्या आधारे सिद्ध करावा लागतो आणि ज्याला तीच कादंबरी वाचलेला दुसरा समजदार वाचक हरकत घेऊ शकतो. पदवी वर्गातील बहुतेक निबंध याच टप्प्यावर अडतात. कादंबरी वाचलेली असते, ती मनाला भिडलेलीही असते. पण तो ठसा जसाच्या तसा कागदावर उतरतो आणि त्यातून वाद घालण्याजोगे काहीच निघत नाही. हा प्रवास कसा करायचा, ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीच्या आधारे पाहता येते.

कादंबरीचा आराखडा साधा आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या एका छोट्या वाडीत तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. मुले मेंढरांमागे जात असल्याने सुरुवातीला शाळा रिकामीच असते. वाडीचा म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो आणि हळूहळू मुले येऊ लागतात. मास्तरच्या पुढाकाराने गाव तालीम बांधते, राजा गावात येतो. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून जातात आणि अखेर मास्तरही निघतो. ही सगळी कथा मास्तर स्वतःच सांगतो.

पहिल्या वाचनानंतर विद्यार्थी साधारणपणे लिहितो : “‘बनगरवाडी’ ही ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण करणारी कादंबरी आहे.” हे विधान चूक नाही, पण त्यातून निबंध उभा राहत नाही. ते तपासण्याच्या दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली, या विधानाची उलट बाजू कोणी गंभीरपणे मांडू शकेल का? कादंबरीतले ग्रामीण चित्रण अवास्तव आहे असे म्हणणारा वाचक क्वचितच भेटेल. दुसरी, कादंबरीचे नाव बदलले तरी विधान टिकते का? येथे ते सहज टिकते. कितीतरी ग्रामीण कादंबऱ्यांना हेच वाक्य लावता येईल. ज्या विधानात नाव बदलता येते, त्यात त्या विशिष्ट कादंबरीचे वाचन अजून उतरलेले नसते.

अशा वेळी नवे विधान जुळवण्यापेक्षा प्रश्न शोधणे उपयोगी पडते. त्यासाठी कादंबरीकडे परत जावे लागते आणि पहिल्या ठशात नीट न बसणारी जागा हेरावी लागते : अनपेक्षित क्रम, पुन्हापुन्हा येणारा तपशील, कथनातील एखादे मौन. ‘बनगरवाडी’त अशी एक ठळक जागा आहे. मास्तरने गाव घडवले अशी कथा सांगायची असती, तर तालीम उभी राहिली आणि राजा येऊन गेला तिथे ती संपवता आली असती. कादंबरी मात्र तिथे थांबत नाही. त्या यशानंतर ती दुष्काळ आणते आणि वाडी रिकामी करते. म्हणून प्रश्न असा : तालमीच्या यशानंतर दुष्काळ ठेवून कादंबरी काय साधते? या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे देता येतात. चांगल्या प्रश्नाची हीच खूण आहे.

पहिले उत्तर बहुधा असे येते : “मास्तरचे प्रयत्न निसर्गापुढे हरतात.” यात दिशा आहे, पण अजून ते कथानकाचा सारांशच सांगते. त्याला पुढे नेण्याचा उपाय म्हणजे ‘कशावरून?’ आणि ‘मग काय?’ असे दोन प्रश्न विचारून पुराव्याची जुळणी करणे. येथे तीन जागा कामी येतात. सुरुवातीची रिकामी शाळा ही पहिली. मुलांच्या शाळेत येण्यावर मेंढरांचा हक्क आधीचा आहे, हे तिथेच दिसते. दुसरी जागा वाडीतल्या शेकूच्या बायकोची. नांगराला बैल कमी पडतो तेव्हा ती स्वतः जुवाला खांदा देते. मास्तर या कष्टाचा साक्षीदार असतो, उपाय त्याच्या हाती नसतो. तिसरी जागा अर्थात तालीम आणि तिच्यानंतरचा दुष्काळ.

पुराव्याइतकेच विरोधी मताकडेही लक्ष द्यावे लागते. एखादा वाचक म्हणेल, दुष्काळ हा बाहेरून आलेला घाला आहे. त्यामुळे मास्तरचे यश खोटे ठरत नाही. पांगलेली माणसे एकदा एकत्र येऊन तालीम बांधू शकली, हेच कादंबरीचे सांगणे आहे. ही हरकत वजनदार आहे आणि ‘मास्तर हरतो’ हे विधान तिच्यापुढे टिकत नाही. तिला उत्तर द्यायचे तर दुष्काळ अचानक आलेला नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी पहिली जागा पुन्हा उपयोगी पडते : जी मेंढरे सुरुवातीला शाळा रिकामी ठेवतात, त्यांच्याच चाऱ्या-पाण्यासाठी शेवटी वाडी रिकामी होते. शेवटाचे कारण कादंबरीने आरंभीच मांडून ठेवले आहे.

हरकतीतला मान्य करण्याजोगा भाग मान्य करून आणि तिचे उत्तर विधानातच गुंफून शेवटचे रूप असे होते : “मास्तर शाळा आणि तालीम यांतून वाडीला एकत्र आणतो; पण शाळा ओस ठेवणारी आणि वाडी ओस पाडणारी गरज एकच असल्याचे दाखवून ‘बनगरवाडी’ सुचवते की, या गावाचे एकत्र राहणे माणसांच्या इच्छेपेक्षा चाऱ्या-पाण्यावर अवलंबून आहे.” या विधानाला विरोध करता येतो, त्याच्या प्रत्येक भागासाठी संहितेत जागा दाखवता येते आणि त्यातूनच निबंधाचा क्रमही निघतो : आधी मास्तरने साधलेली एकजूट, मग शाळा आणि मेंढरे यांचा संबंध, मग शेकूच्या बायकोचा प्रसंग, त्यानंतर दुष्काळाची जागा आणि विरोधी मताला उत्तर.

या टप्प्यावर काही चुका वारंवार होतात. विधान लेखकाच्या मनाबद्दल बोलू लागते. “माडगूळकरांना असे म्हणायचे होते” हे संहितेवरून सिद्ध करता येत नाही, कादंबरी काय सुचवते ते मात्र दाखवता येते. काही वेळा विधान फार पसरते; ‘बनगरवाडी’च्या आधारे साऱ्या महाराष्ट्रातील खेड्यांविषयी दावा करायला वेगळे पुरावे लागतील. काही विधाने निव्वळ मूल्यनिर्णय असतात : कारभारी चांगला की वाईट, या प्रश्नात वाद आहे, पण कादंबरीच्या रचनेचा अर्थ नाही. याउलट, वाडीतल्या अंजीच्या चोळीवरून कारभारी मास्तरवर रागावतो, हा प्रसंग गावातील मास्तरचे स्थान किती नाजूक आहे याचा पुरावा म्हणून वापरता येतो.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. निवडलेल्या विधानात न बसणारे प्रसंग कादंबरीत असतातच. चोळीचा प्रसंग चाऱ्या-पाण्याने समजावता येत नाही; तो विश्वास आणि संशय यांचा आहे. असा प्रसंग ओढूनताणून बसवला तर निबंध दुबळा होतो आणि गाळला तर परीक्षक तोच पुढे करतो. विधानातील ‘माणसांच्या इच्छेपेक्षा’ या शब्दांत इच्छेलाही काही जागा ठेवली आहे, ती यासाठीच. निबंधाचा पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर शेवटचा परिच्छेद सुरुवातीच्या विधानाशेजारी ठेवून वाचावा. लिहिता लिहिता युक्तिवाद बहुधा पुढे सरकलेला असतो आणि शेवटच्या परिच्छेदातले वाक्य अधिक नेमके निघते. तसे झाल्यास तेच विधान सुरुवातीला न्यावे आणि मधले परिच्छेद त्याच्याशी ताडून पाहावेत.