काउंट ८४०, तरी गोळी चालू

पंधराव्या दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट येतो. एकूण पांढऱ्या पेशी २,४००, त्यांत न्यूट्रोफिल ३५ टक्के. गुणाकार केला की न्यूट्रोफिलचा खरा आकडा निघतो ८४०. निरोगी माणसात तो दीड-दोन हजारांच्या वर असतो. घरात कुणाची केमोथेरपी झालेली असेल, तर हा आकडा बघून सगळ्यांचा जीव खालीवर होतो. आता काउंट वाढवायची इंजेक्शनं, कदाचित ॲडमिट व्हावं लागेल, असे तर्क सुरू होतात. आणि डॉक्टर म्हणतात, "ताप नाही ना? मग उरलेल्या गोळ्या संपवा आणि बाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त द्या."

यात निष्काळजीपणा नाही. डॉक्टरांचं हे उत्तर औषधाच्या कामाच्या पद्धतीतूनच येतं, आणि ती पद्धत केमोपेक्षा मुळातच वेगळी आहे.

औषधाचं नाव पाल्बोसिक्लिब. रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही त्याची भावंडं. तिघांना मिळून सीडीके ४/६ इन्हिबिटर म्हणतात. स्तनाच्या ज्या कर्करोगात रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' आणि 'हर-टू निगेटिव्ह' असं लिहिलेलं असतं, त्यात ही औषधं हार्मोनच्या गोळीच्या जोडीला देतात. स्तनाच्या कर्करोगांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

पेशी दुभंगते ती टप्प्याटप्प्याने. आधी ती वाढते, मग आपल्या डीएनएची नक्कल करते, तपासणी करते आणि मगच एकीच्या दोन होतात. वाढ आणि नक्कल यांच्यामध्ये एक फाटक आहे. ते बंद ठेवण्याचं काम आरबी नावाचं प्रथिन करतं. नक्कल सुरू करणारी जनुकं ज्याच्या इशाऱ्यावर चालतात, त्या प्रथिनाला आरबी धरून ठेवतं. फाटक उघडायचं, तर आरबीवर फॉस्फेटचे रेणू चिकटवून त्याची पकड ढिली करावी लागते. हे फॉस्फेट चिकटवणारी एन्झाइमं म्हणजे सीडीके ४ आणि सीडीके ६. ती एकटी निष्क्रिय असतात, सायक्लिन डी हे प्रथिन जोडीला आलं की कामाला लागतात. एकदा पेशी फाटकापलीकडे गेली की सहसा मागे फिरत नाही.

सायक्लिनचा शोध कर्करोगाच्या प्रयोगशाळेत लागला नाही. १९८२च्या उन्हाळ्यात टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेत वुड्स होलच्या किनाऱ्यावर सी अर्चिन या समुद्री जीवाच्या अंड्यांवर काम करत होते. अंड्यातलं एक प्रथिन साठत जायचं आणि पेशी दुभंगायच्या सुमारास नाहीसं व्हायचं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. यीस्टवर काम करणारे लीलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासोबत हंट यांना २००१चं नोबेल मिळालं.

आता इस्ट्रोजेनचा संबंध. ईआर पॉझिटिव्ह गाठीत इस्ट्रोजेन आपल्या रिसेप्टरला चिकटलं की सायक्लिन डी तयार करण्याचा हुकूम सुटतो. म्हणजे ही गाठ वाढते ती नेमकी याच फाटकातून. लेट्रोझोलसारखी हार्मोनची गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवते आणि हुकूम थांबतो. पण गाठ काही काळाने इस्ट्रोजेनशिवायही सीडीके ४ला जागं ठेवायला शिकते. म्हणून दुसरी गोळी थेट सीडीकेलाच निकामी करते. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठात रिचर्ड फिन आणि डेनिस स्लेमन यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या चाळीसहून अधिक पेशीवाणांवर पाल्बोसिक्लिब वापरून पाहिलं. २००९मध्ये त्यांनी दाखवलं की ते सर्वांत चांगलं चालतं ते ईआर पॉझिटिव्ह पेशींवर. त्याआधीची सीडीकेविरोधी औषधं एकाच वेळी अनेक सीडीके अडवत, त्यामुळे विषारी ठरली होती. फक्त ४ आणि ६ निवडून अडवणं हा इथला खरा डाव.

फेब्रुवारी २०१५मध्ये पाल्बोसिक्लिबला अमेरिकेत मान्यता मिळाली. पसरलेल्या आजारात नुसत्या लेट्रोझोलवर आजार सरासरी १४.५ महिने आटोक्यात राहिला, तर दोन्ही गोळ्यांवर २४.८ महिने. आजार पूर्ण बरा होतो असा याचा अर्थ नाही. आयुष्य किती वाढतं, या मोजमापात तर तिघी भावंडं सारखी ठरली नाहीत. रायबोसिक्लिब आणि लेट्रोझोल घेणाऱ्यांचं सरासरी आयुष्य नुसत्या लेट्रोझोलच्या तुलनेत सुमारे वर्षभराने वाढलं. पाल्बोसिक्लिबच्या तशाच चाचणीत मात्र ठोस फरक दिसला नाही. ऑपरेशननंतर आजार उलटू नये म्हणून, धोका जास्त असलेल्या बायकांना अबेमासिक्लिब दोन वर्षं किंवा रायबोसिक्लिब तीन वर्षं देतात. पाल्बोसिक्लिब तिथेही उपयोगी ठरलं नाही. तेव्हा 'तिन्ही सारखीच, स्वस्त मिळेल ती घ्या' हा सल्ला बरोबर नाही.

आता त्या ८४०कडे वळू. केमो अस्थिमज्जेतल्या वाढत्या पेशी मारते. पाल्बोसिक्लिब त्यांना मारत नाही, फाटकाशी थांबवतं. रक्त तयार करणाऱ्या पेशींची पुढची वाटचाल मुख्यतः सीडीके ६वर चालते, आणि पाल्बोसिक्लिब ४ व ६ दोन्ही अडवतं. म्हणून काउंट पडणं हा औषधाच्या मुख्य कामाचाच दुसऱ्या जागी उमटलेला परिणाम आहे. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी हे वेळापत्रक आलं ते यातूनच. सुट्टीत थांबलेल्या पेशी पुन्हा चालू लागतात. त्या मेलेल्या नसल्याने काउंट लवकर वर येतो आणि वाढवणारी इंजेक्शनं सहसा लागत नाहीत. चाचण्यांमध्ये तीन बायकांमागे दोघींचा न्यूट्रोफिलचा आकडा हजाराखाली गेला, पण त्यासोबत ताप आलेल्या शंभरात दोनेकच होत्या.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साठीच्या घरातली बाई, आजार हाडांत पसरलेला, पाल्बोसिक्लिब १२५ मिलिग्रॅम आणि लेट्रोझोल. सुरुवातीला काउंट ३,१००. पंधराव्या दिवशी ८४०, ताप नाही, म्हणून गोळी चालू. बाविसाव्या दिवशी ७६०. हा सुट्टीचा आठवडा, गोळी नाहीच. एकोणतिसाव्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दिवशी, काउंट ९४०. इथे मात्र नियम बदलतो. नवी फेरी सुरू करायला आकडा निदान १,००० लागतो, म्हणून पाल्बोसिक्लिब थांबवायचं आणि आठवड्याच्या आत पुन्हा तपासायचं. लेट्रोझोल या काळात रोज चालूच राहतं, कारण त्याचा काउंटशी संबंध नाही. पुष्कळ जणी गैरसमजातून दोन्ही बंद करतात. छत्तिसाव्या दिवशी काउंट १,३५०, आणि १२५ मिलिग्रॅमचीच दुसरी फेरी सुरू. दर फेरीला असा उशीर होऊ लागला, तर मात्र डोस १०० आणि मग ७५वर आणतात. चाचण्यांच्या अनुभवावरून डोस कमी केल्याने औषधाचा गुण गेला असं दिसलेलं नाही. तेव्हा डोस उतरला म्हणून खचायचं कारण नाही.

काउंट ५००च्या खाली गेला, किंवा हजाराखाली असताना १००.४ फॅरनहाइट वा त्याहून जास्त ताप आला, तर हिशोब बदलतो. गोळी तिथेच थांबवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही.

भावंडांची काळजी वेगळी. रायबोसिक्लिब हृदयाच्या विद्युत लयीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबवू शकतं. ते फार लांबलं तर ठोके बिघडतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी आणि साधारण चौदाव्या दिवशी ईसीजी, तसंच पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमची तपासणी लागते. पहिल्या ईसीजीत हे अंतर ४५० मिलिसेकंदांहून कमी हवं. लिव्हरच्या तपासण्या पहिल्या दोन फेऱ्यांत दर पंधरवड्याला. त्रास काही जाणवत नाही म्हणून या तपासण्या चुकवणारे पुष्कळ असतात, पण लिव्हरची एन्झाइमं वाढलेली अंगाला कळतच नाहीत.

अबेमासिक्लिबचा भर सीडीके ६पेक्षा ४वर जास्त, म्हणून काउंट कमी पडतो आणि गोळी सुट्टीशिवाय रोज दोनदा घेता येते. त्याबदल्यात पोट बिघडतं, बहुतेकींचं पहिल्याच आठवड्यात. पहिल्या पातळ जुलाबालाच लोपेरामाइड घ्यायचं असतं, त्यामुळे ती गोळी आधीपासून घरात हवी. पायाला सूज आणि दुखरेपणा आला तर गुठळीची शंका घ्यायची. याच औषधाने क्रिएटिनिन थोडं वाढतं, तेही किडनी ठीक असताना, कारण औषध क्रिएटिनिनला लघवीत जाऊ देणारी वाट अडवतं. शंका आली तर सिस्टॅटिन-सी तपासून खात्री करता येते. तिन्हींत नवा कोरडा खोकला किंवा दम लागला, तर तो सर्दीचा समजून सोडून द्यायचा नाही. क्वचित का होईना, ती फुप्फुसाला आलेल्या सुजेची खूण असू शकते.

जानेवारी २०२३मध्ये पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप उतरली. पूर्वी निम्म्या घरांना परवडत नसलेलं औषध आता बऱ्याच जणी गावी बसून घेतात आणि काउंट जवळच्या लॅबमध्ये करतात. यात गैर काही नाही. अडचण येते ती मधल्या काळात दुसऱ्याच कारणासाठी दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेल्यावर. ही तिन्ही औषधं लिव्हरमधल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमवाटे बाहेर पडतात. गजकर्णासाठी सर्रास दिलं जाणारं इट्राकोनाझोल ते एन्झाइम अडवतं, मग रक्तातली पातळी वाढते आणि काउंट कोसळतो. टीबीचं रिफॅम्पिसिन याच्या उलट करतं. पातळी इतकी घसरते की गोळी घेऊन न घेतल्यासारखी. रायबोसिक्लिबवर असणाऱ्यांना पित्ताच्या कॅप्सूलमधलं डॉमपेरिडोन, उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन आणि घशासाठीचं अझिथ्रोमायसिनही जड जाऊ शकतं, कारण तीही क्यूटी लांबवतात.

म्हणून ही गोळी सुरू असताना तिचं नाव, डोस आणि फेरीचा चालू दिवस एका कागदावर लिहून तो पर्समध्ये ठेवा. सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी तो डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदाराला दाखवा, आणि नवीन कुठलंही औषध पोटात जाण्याआधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना एक फोन करा.