मधाची तहान

सातेरी माशीच्या पोळ्यातून काढलेला, न तापवलेला मध सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर परागकणांबरोबर त्यात यीस्टच्या पेशीही सापडतात. जीवाणूंचे सुप्त बीजाणूही असू शकतात. मध निर्जंतुक नसतो. तरीही झाकण घट्ट लावलेल्या बरणीत तो वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यातल्या जंतूंना वाढायला लागणारं पाणी तो मिळूच देत नाही.

ही तयारी पोळ्यात होते. फुलातला मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तसाच ठेवला तर तो दोन-चार दिवसांत आंबेल. कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडात देत-घेत राहतात आणि त्यात आपली विकरं मिसळतात. त्यांतलं एक विकर उसाच्या साखरेसारख्या साखरेचे तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतं. मग हा रस घरांत पसरवून माश्या पंखांनी वारा घालतात. पाणी 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलं की घरावर मेणाचं झाकण बसतं. म्हणून चौकटीतली बहुतेक घरं झाकलेली असल्याशिवाय जाणता मधपाळ मध काढत नाही.

उरलेल्या पाण्याचं काय होतं, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मधात साधारण 80 टक्के साखर असते आणि तिचे रेणू त्या पाण्याला इतकं धरून ठेवतात की ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. शुद्ध पाण्याची उपलब्धता 1 मानली, तर मधात ती 0.6च्या आसपास असते. बहुतेक जीवाणूंना वाढायला 0.9हून जास्त लागते. मधात पडलेल्या जंतूच्या पेशीतलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं. मीठ चोळलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, त्यामागचं कारण हेच. मधाचा आंबटपणा याला हातभार लावतो. दुसरं एक विकर ग्लुकोजपासून आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, पण त्याचा जोर मध पातळ झाल्यावर दिसतो. बरणीतल्या घट्ट मधाची खरी राखण साखरच करते.

मग झाकण कशाला? कारण हीच साखर हवेतलंही पाणी ओढते. हवेची आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की उघडा मध बाष्प शोषायला लागतो, आणि आपल्या सह्याद्रीच्या पावसाळ्यात ती कित्येक दिवस 90च्या वर असते. हिशोब करून पाहा. एक किलो मधात 17 टक्के, म्हणजे 170 ग्रॅम पाणी आहे. त्यात आणखी फक्त 37 ग्रॅम पाणी मुरलं की प्रमाण 20 टक्क्यांवर पोचतं. हीच आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतली कमाल मर्यादा आहे आणि इथपासून साखरेत तग धरणाऱ्या यीस्टना वाव मिळतो. मुरलेलं पाणी आधी वरच्या थरातच राहतं, त्यामुळे आंबणं वरून सुरू होतं.

झाकण लावूनही एक फट राहते. मध रवाळ होतो, तेव्हा भेसळीचा संशय घेऊन लोक तो टाकून देतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. ग्लुकोज जास्त असलेला अस्सल मध लवकर रवे धरतो. मात्र रवे बनताना ग्लुकोज आपल्याबरोबर थोडंच पाणी नेतं. आपल्या किलोभर मधातलं 150 ग्रॅम ग्लुकोज रव्यांत गेलं, तर त्याबरोबर 15 ग्रॅमच पाणी जातं. उरलेल्या पातळ मधात पाणी 17 टक्क्यांवरून साडेअठरावर चढतं. मध मुळात 19-20 टक्क्यांचा असेल, तर एवढ्यानं तो आंबू शकतो. सातेरीच्या मधात मुळात पाणी जास्त असण्याचा संभव असल्यानं प्रक्रिया केंद्रांत तो तापवून गाळतात आणि त्यातलं जादा पाणी कमी करतात.

आंबलेला मध ओळखता येतो. वर बारीक फेस येतो, झाकण उघडताना वायू सुटतो, वास दारूकडे झुकतो आणि चव आंबूस लागते. नुसते रवे असतील, तर बरणी कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात. उकळत्या पाण्यात ठेवली तर विकरं निकामी होतात आणि रंगही गडद होतो. जुना मध काळपट होणं ही त्याच बदलाची संथ वाट आहे. सुगंध कमी होतो, पण मध नासलेला नसतो. चमचा मात्र कोरडाच घालावा.

बीजाणूंचं काय, हे सांगायलाच हवं. मधात ते वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. मोठ्यांच्या आतड्यातले नेहमीचे जीवाणू त्यांना सहसा रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती राखण अजून तयार झालेली नसते. तिथे बोट्युलिझमचे बीजाणू रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. सीलबंद, उत्तम मधाची बरणी असली, तरी बाळ एक वर्षाचं होईपर्यंत त्याला मध चाटवू नये.