मीठ, साखर आणि तांब्याची तार: बंध ओळखायचा कसा?

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलेला एक प्रश्न आधी सांगतो. "साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते, मीठ ८०१ अंशांना. यावरून काय कळतं?" मी लगेच म्हणालो, "सहसंयुज बंध आयनिक बंधापेक्षा कमकुवत असतो." समोरच्या सरांनी पुढचा प्रश्न विचारला, "मग हिरा?" आणि मी गप्प.

चूक कुठे झाली ते बघा. साखरेच्या एका रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू सहसंयुज बंधांनी घट्ट बांधलेले असतात. साखर वितळते तेव्हा हे बंध तुटायची गरज नसते. एक रेणू शेजारच्या रेणूपासून सुटतो, एवढंच. म्हणजे साखरेचा वितळणबिंदू रेणू-रेणूंमधल्या ओढीबद्दल सांगतो, रेणूच्या आतल्या बंधाबद्दल नाही. हिऱ्यात सुटे रेणूच नसतात, सगळा स्फटिक सहसंयुज बंधांनी विणलेला असतो. म्हणून तो कठीण आणि वितळायला महाकठीण.

मग बंध ओळखायचा कसा? एकच प्रश्न विचारा: या पदार्थात विद्युतभार वाहून नेणारं कोणी आहे का, आणि असेल तर ते हलायला मोकळं आहे का?

साधा मल्टिमीटर घ्या आणि रोध मोजायच्या सेटिंगवर ठेवा. (घरातल्या प्लगची वीज यासाठी कधीही वापरू नका.) तांब्याच्या तारेची दोन टोकं तपासा. रोध जवळजवळ शून्य येईल, कारण तांब्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसतात, ते सगळ्या धातूभर फिरतात. आता कोरडं मीठ आणि कोरडी साखर. दोन्हीकडे स्क्रीनवर `OL` दिसेल, म्हणजे रोध मोजण्याच्या पलीकडे आहे. मिठात Na⁺ आणि Cl⁻ हे भारित आयन आहेत खरे, पण ते आपापल्या जागी जखडलेले आहेत. साखरेत मोकळे आयनही नाहीत आणि मोकळे इलेक्ट्रॉनही नाहीत.

इथपर्यंत मीठ आणि साखर वेगळी झाली नाहीत. आता दोन ग्लासांत डिस्टिल्ड वॉटर घ्या. नुसत्या पाण्याचं रीडिंग आधी लिहून ठेवा, मग एकात चमचाभर मीठ आणि दुसऱ्यात तेवढीच साखर विरघळवा. मिठाच्या ग्लासात रोध धाडकन खाली येतो, साखरेच्या ग्लासात फारसा फरक पडत नाही. आयन सुटे झाले, साखरेचे रेणू मात्र अख्खेच्या अख्खे पाण्यात पसरले. म्हणून "पाण्यात विरघळतं म्हणजे आयनिक" हा नियम चुकीचा आहे.

हे करताना तीन ठिकाणी फसायला होतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि "कोरडं" मीठही थोडी वीज वाहून नेतं, म्हणून आधी ते तव्यावर भाजून थंड करून घ्या. मोटारीच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा थर असतो. टोकं खरवडली नाहीत तर तांबंसुद्धा `OL` दाखवतं. आणि नळाच्या पाण्यात आधीच क्षार असतात, त्यामुळे साखरेचं पाणीही वीज वाहून नेतंय असं वाटतं. मिठाच्या पाण्यात आकडा सतत सरकतो. मीटरच्या टोकांवर होणाऱ्या बदलांमुळे तसं होतं, तेव्हा नेमका आकडा धरू नका, फरक धरा.

आता या कसोटीची मर्यादा. हायड्रोजन क्लोराइड वायू सहसंयुज आहे, पण पाण्यात टाकलं की द्रावण उत्तम वीजवाहक होतं, कारण पाण्याशी अभिक्रिया होऊन आयन नव्याने तयार होतात. म्हणून खरी कसोटी द्रावणाची नाही, पाण्याशिवाय वितळलेल्या पदार्थाची. वितळलेलं मीठ वीज वाहून नेतं, द्रवरूप हायड्रोजन क्लोराइड जवळजवळ नाहीच. मीठ घरी वितळवता येणार नाही. तव्यावर ते तडतडतं ते वितळल्यामुळे नव्हे, स्फटिकात अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. साखर मात्र वितळता वितळता तपकिरी होते, आणि तिथे तिचे आतले बंध खरोखर तुटायला लागलेले असतात.

शेवटचा फसवा पदार्थ म्हणजे पेन्सिलीचं शिसं. ते घन अवस्थेत वीज वाहून नेतं, मग धातू का? नाही. त्यातल्या ग्रॅफाइटमध्ये सहसंयुज बंधच आहेत, फक्त काही इलेक्ट्रॉन थरांमध्ये मोकळे फिरतात. वाकवून बघा: तांबं वाकतं, शिसं कट्कन मोडतं. तांब्यात अणूंचे थर सरकले तरी मोकळे इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात. मिठाचा खडाही ठोकल्यावर फुटतो, पण कारण वेगळं: थर एक घर सरकला की सारखे भार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात.

त्या सरांना आज मी एवढंच म्हणेन: वितळणबिंदू सांगण्याआधी, वितळताना नेमकं काय सुटतंय ते विचारायला हवं होतं.