चाचणी उत्तीर्ण झाली, म्हणजे दोष उरला नाही काय?

एखाद्या कार्यालयासाठी संगणकाची नवी आज्ञावली तयार होते, तेव्हा ती ताब्यात घेण्यापूर्वी तिच्या चाचण्या होतात. चाचण्या पार पडल्या की 'सर्व चाचण्या उत्तीर्ण, आज्ञावली दोषरहित' असा शेरा मारण्याची प्रथा आहे. या शेऱ्याचा पूर्वार्ध खरा असू शकतो. परंतु त्यावरून उत्तरार्ध सिद्ध होत नाही. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने 1969 साली रोम येथील परिषदेत हेच बजावले होते. चाचणी दोषाचे अस्तित्व दाखवू शकते, त्याचा अभाव दाखवू शकत नाही, असे त्याच्या म्हणण्याचे सार होते. हे विधान किती व्यावहारिक आहे, हे आपल्या शहराच्या नावावरूनच पाहता येईल.

2023 साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधी लिहिलेल्या एका काल्पनिक आज्ञावलीचा विचार करू. विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज नोंदवून घेणे हे तिचे काम. अर्जात जिल्ह्याचे नाव रोमन लिपीत भरायचे आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने राज्यातील 36 जिल्ह्यांची यादी समोर ठेवली. तीत सर्वांत लांब नाव मुंबई उपनगरचे, म्हणजे `Mumbai Suburban`, मधली मोकळी जागा धरून 15 अक्षरांचे. खबरदारी म्हणून त्याने 20 अक्षरांची जागा राखली. चाचणी करणाराही कसोशीचा निघाला. त्याने नमुन्यादाखल चार नावे न घेता 36 च्या 36 नावे भरून पाहिली. सारी बिनचूक नोंदली गेली. या स्तंभापुरती चाचणी संपूर्ण झाली, असे कोणीही म्हटले असते.

पुढे नाव बदलले. `Chhatrapati Sambhajinagar` या नावाला मोकळ्या जागेसह 25 अक्षरे लागतात. काही यंत्रणा असे लांब नाव स्वीकारण्यास साफ नकार देतात. तेथे दोष निदान त्याच क्षणी उघड होतो. परंतु काही यंत्रणा जास्तीची अक्षरे निमूटपणे कापून टाकतात. येथे पहिली 20 अक्षरे ठेवली, तर `Chhatrapati Sambhaji` एवढे उरते. हे वाचणाऱ्याला काही बिघडले आहे असा संशयही येत नाही. मात्र कार्यालयाच्या यादीतील पूर्ण नावाशी ही नोंद जुळत नाही. जिल्हावार छाननीत तो अर्ज कोणत्याच जिल्ह्यात सापडत नाही आणि विद्यार्थी शिष्यवृत्तीची वाट पाहत राहतो. चाचणी तर प्रामाणिकपणे झालेली होती. दोषही पहिल्या दिवसापासून होता. तो उघडा पाडणारे नाव तेवढे तेव्हा यादीत नव्हते.

यावर कोणी म्हणेल की, शक्य असलेली प्रत्येक नोंद आधीच तपासून पाहावी. हा उपाय कागदावर सोपा दिसतो. आपण साधा हिशेब करू. समजा, एका सेकंदात 1 कोटी चाचण्या करणारे यंत्र आपल्याजवळ आहे. अर्जातील मोबाइल क्रमांक दहा अंकी. त्यासाठी दहा अंकांच्या सर्व शक्यता, म्हणजे 1,000 कोटी, तपासायच्या तर या यंत्राला सुमारे 17 मिनिटे पुरतील. आता त्याच्या जोडीला सहा अंकी पिनकोड घ्या. प्रत्येक मोबाइल क्रमांकाबरोबर प्रत्येक पिनकोड तपासायचा, म्हणून काम दहा लाख पटींनी वाढले. आता सुमारे 32 वर्षे लागतील. त्यात शंभर वर्षांतील कोणतीही जन्मतारीख हा तिसरा स्तंभ मिळवला की हिशेब साडेअकरा लाख वर्षांच्या पुढे जातो. अर्जदाराचे नाव अद्याप आलेलेही नाही. शिवाय प्रत्येक चाचणीचे बरोबर उत्तर काय, हेही कोणाला तरी आधी ठाऊक असावे लागते. सर्व शक्यता तपासणे अशक्य आहे ते या गुणाकारामुळे. यंत्र हजारपट वेगवान केले, तरी पुढचा एकच स्तंभ ती सवड गिळून टाकतो.

म्हणून चाचणी करणाऱ्याला निवड करावी लागते आणि निवडीचे शास्त्र येथूनच सुरू होते. 20 अक्षरांची मर्यादा आहे असे कळले, तर हजार नावे भरण्याची गरज नाही. 19, 20 आणि 21 अक्षरांची तीन नावे आणि एक रिकामी जागा एवढे भरून पाहिले, तरी बरेच कळते. चूक बहुधा सीमेवर राहते. आपल्या उदाहरणातील परीक्षकाने 36 नावांऐवजी 21 अक्षरांचे एकच बनावट नाव भरले असते, तर दोष 2023 पूर्वीच सापडला असता.

दुसरे मार्गदर्शक तत्त्व असे की, दोष आज्ञावलीत सारखे पसरलेले नसतात; ते काही ठिकाणी दाटीने राहतात. ग्लेनफोर्ड मायर्स यांनी 1979 च्या आपल्या ग्रंथात आयबीएमच्या एका मोठ्या यंत्रणेचा दाखला दिला आहे. वापरणाऱ्यांना आढळलेल्या दोषांपैकी 47 टक्के दोष आज्ञावलीच्या अवघ्या 4 टक्के भागांत होते. याचे कारण गूढ नाही. जो भाग गुंतागुंतीचा, वारंवार बदललेला किंवा चुकीच्या गृहीतावर उभा, तेथे एक चूक एकटी राहत नाही.

आपल्याच उदाहरणात नावाचा विभाग आणखी उकरून पाहू. देवनागरीत 'छत्रपती संभाजीनगर' वाचताना आपण दहा अक्षरे मोजतो. संगणक मात्र काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्तचिन्ह वेगवेगळे मोजतो; त्याच्या लेखी मोकळ्या जागेसह ती 17 चिन्हे होतात. साठवणीच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून एकूण 49 बाइट. जुन्या 'औरंगाबाद'ला 24 पुरत होते. जागा 32 बाइटांची असेल, तर 'छत्रपती संभ' एवढे उरून पुढचे चिन्ह मधोमध तुटते. याच विभागात आणखी एक दोष दडलेला असू शकतो: जुन्या नावाने नोंदलेले अर्ज नव्या नावाच्या शोधात न सापडणे. तो दुरुस्त करायला म्हणून जुने नाव सरसकट बदलले, तर बिहारमधील औरंगाबाद जिल्ह्याच्या अर्जदारालाही मराठवाड्यात आणून बसवले जाईल. नाव म्हणजे आखूड आणि कधीही न बदलणारी गोष्ट, या एका गृहीतातून दोषांचे हे सारे कुटुंब जन्मले.

म्हणून एक दोष सापडला की तो दुरुस्त करून समाधान मानू नये. त्याच्या शेजारी आणखी शोध घ्यावा. अर्थात या तत्त्वालाही मर्यादा आहे. दाटी कोठे आहे हे आजवर सापडलेल्या दोषांवरून ठरते आणि ज्या भागाकडे कोणी पाहिलेच नाही, तो भाग निर्दोष असल्यासारखा दिसतो. सगळे लक्ष एकाच ठिकाणी लावणे त्यामुळे धोक्याचे.

तेव्हा आज्ञावली ताब्यात घेणाऱ्या कार्यालयांनी 'दोषरहित' हा शेरा मागणेच सोडून द्यावे. त्याऐवजी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: काय तपासले, काय तपासले नाही आणि सापडलेले दोष कोणत्या भागात अधिक होते. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला 'काही नाही' असे उत्तर आले, तर ते कागद सही न करता परत पाठवावेत.