साहेबांना चिठ्ठी, पण मस्का नको

मार्चअखेरीला, मूल्यमापनाच्या तोंडावर ‘आपण थोर मार्गदर्शक आहात’ असं लिहिलं, की साहेबांना मस्क्याचा वास येणारच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स यांनी १९६४च्या पुस्तकात हाच पेच मांडला: समोरच्याच्या मर्जीची गरज जितकी मोठी, तितकी स्तुती संशयास्पद.

म्हणून चिठ्ठी एरवीच, प्रसंग ताजा असताना द्यावी आणि विशेषणं गाळावीत. समजा, बँकेतली एक कारकून लिहिते: ‘मॅडम, काल ग्राहक माझ्यावर ओरडत होते, तेव्हा तुम्ही काउंटरवर येऊन चूक संगणकातली असल्याचं त्यांना दाखवलंत. त्यामुळे उरलेली रांग मी न घाबरता हाताळली. आभारी आहे.’

हा मजकूर दुसऱ्या कुठल्या मॅडमना चालणार नाही. खरेपणा तिथेच कळतो. मात्र खाली ‘रजेचंही बघा’ जोडलं, की मुसळ केरात!